बिलाच्या फोटोतला आठ की तीन

सोसायटीच्या दुरुस्तीचं सामान आलं की कंत्राटदार बिलाचा फोटो मोबाइलवर पाठवतो. कागद घडी पडलेला, वर ट्यूबलाइटची चकाकी. मागे एका बिलात सिमेंटच्या ओळीतला एचएसएन क्रमांक मला 2528 दिसला आणि रंगाच्या ओळीतलं करपात्र मूल्य 6,430. दोन्हीकडे शंका एकच होती, हा आकडा आठ आहे की तीन. पण दोन शंका सोडवायच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या निघाल्या.

रंगाची ओळ आधी घेतली. दोन बादल्या, भाव 3,600 रुपये, म्हणजे 7,200. त्यावर दहा टक्के सूट, 720 रुपये. सूट बिलातच दाखवलेली असेल तर ती वजा करूनच कर लावायचा असतो, त्यामुळे करपात्र मूल्य 6,480 यायला हवं. हा झाला एक पुरावा. दुसरा शेजारच्या रकान्यात होता. तिथे सीजीएसटी 583.20 लिहिला होता आणि 6,480 चे नऊ टक्के बरोबर तेवढेच होतात. 6,430 धरले तर 578.70 येतात. तिसरा खालच्या बेरजेत सापडला. सिमेंटच्या चाळीस गोण्या, 310 रुपयांनी 12,400, त्यात 6,480 मिळवले की छापलेला 18,880 जुळतो. तेव्हा तो आकडा आठच होता, चूक फोटोची होती.

दराचा रकाना फोटोत कापला गेला तरी हीच युक्ती चालते. कराच्या रकमेला करपात्र मूल्याने भागून शंभरने गुणायचं. इथे नऊ आले. विक्रेता महाराष्ट्रातला आणि माल इथेच उतरलेला, म्हणून तेवढाच एसजीएसटी, एकूण अठरा टक्के. माल परराज्यातून आला असता तर अठरा टक्के आयजीएसटीच्या एकाच रकान्यात दिसले असते.

एचएसएनच्या बाबतीत मात्र बेरीज-गुणाकार काही सांगत नाही. तो क्रमांक कशानेही गुणला जात नाही, त्यामुळे चुकीचा वाचला तरी हिशेब तंतोतंत जुळतो. तिथे मालाच्या वर्णनाकडे जावं लागतं. ओळीत सिमेंट लिहिलं होतं आणि सिमेंटचा क्रमांक 2523. 2528 खाली नैसर्गिक बोरेट खनिजं येतात. ती इमारतीच्या दुरुस्तीला कोण मागवेल? तरी मी कंत्राटदाराकडून त्या ओळीचा जवळून काढलेला दुसरा फोटो मागवलाच. काय असायला हवं हे ठाऊक असलं की डोळा तेच वाचतो. मग विक्रेत्याने खरोखर चुकीचा क्रमांक छापला असला तर ती चूक आपल्याच हातून झाकली जाते. दुसऱ्या फोटोत तीन स्वच्छ दिसला.

क्रमांक पक्का झाल्यावर दर बघायचा, आणि तो बघताना बिलाची तारीख हवीच. सिमेंटवर आधी 28 टक्के कर होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला. दुकानातल्या संगणकात जुना दर राहून गेला असेल तर बिल 28 टक्क्यांनी निघेल, पैशापैशाने जुळेल आणि तरीही चुकलेलं असेल. या बिलाची तारीख त्यानंतरची होती, दर ठीक होता.

इथवर सगळं बरोबर. पण खरी चूक तळाशी होती, जिथे आपण सहसा फक्त एकूण रक्कम बघतो. 18,880 वर कर 3,398.40, मग ‘गाडीभाडं व हमाली 600’, पूर्णांकासाठी चाळीस पैसे वजा आणि एकूण 22,878. बेरीज अचूक. तरी करपात्र मूल्यच कमी धरलेलं होतं. माल विकणाराच तो पोहोचवून त्याचं भाडं-हमाली बिलात लावतो, तेव्हा ती रक्कमही मालाच्या मूल्यात धरून तिच्यावर कर लागतो. इथे दोन्ही वस्तूंचा दर एकच, त्यामुळे हिशेब सोपा होता. करपात्र मूल्य 19,480, त्यावर अठरा टक्के 3,506.40. कर 108 रुपये कमी लावला गेला होता. (पूर्णांकाचे चाळीस पैसे ही चूक नव्हे. एक-दोन पैशांचा फरकही प्रत्येक ओळ वेगळी पूर्णांकात आणल्यामुळे पडतो, त्यामागे लागू नये.)

कंत्राटदार म्हणाला, “काका, मी पेनने दुरुस्त करून आणू का?” मी नको म्हटलं. बिल विक्रेत्याचं आहे, ते त्याच्या विवरणपत्रात जाणार. कर कमी लागला असेल तर त्यानेच डेबिट नोट द्यायची, जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट. मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली 108 रुपयांची डेबिट नोट चार दिवसांनी आली. या वेळी फोटो नव्हे, कागदच मागवला होता.