स्क्रीनशॉट गेला, तिकीट कुठे गेले?

तत्काळच्या रांगेबद्दल आज लिहायचे ठरले होते, पण ती रांग आणखी एक आठवडा थांबेल. कारण वाशिंदहून आलेला एका वाचक बाईंचा प्रश्न. घरातल्या चौघांचे शेगावचे तिकीट पुण्याच्या भाच्याने काढून दिले. तिकिटाचा स्क्रीनशॉट त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, त्यावर चौघेही वेटिंगला होते. मग फोन बदलला, जुने चॅट आले नाही, स्क्रीनशॉट गेला. जायची तारीख तोंडावर आणि भाचा फोन उचलेना. बाई विचारतात, आता आमची सीट कन्फर्म झाली का हे कळायचे कसे, आणि स्क्रीनशॉट नसेल तर टीसी गाडीतून उतरवेल का?

हा प्रश्न वाशिंदहून यावा यात नवल नाही. वाशिंदला थांबते ती फक्त लोकल. नाशिक, भुसावळ, नागपूरकडच्या गाड्या फलाटासमोरून धडधडत निघून जातात. शेगावला जाणाऱ्या वाशिंदकराला आधी उलट्या दिशेने कल्याण गाठावे लागते, तिथे गाडीत बसावे लागते आणि थोड्या वेळाने आपलेच गाव खिडकीतून मागे जाताना पाहावे लागते. शेजारच्या मुरबाड तालुक्यात तर रेल्वे स्थानकच नाही. तिथला माणूस एसटीने कल्याणला येतो. त्यात कसाऱ्याच्या लोकल तुरळक. म्हणून सीटची खात्री घरून निघण्याआधीच हवी असते. ‘कल्याणला जाऊन बघू’ हा उद्योग परवडत नाही.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. नाही, स्क्रीनशॉट नाही म्हणून कोणी उतरवत नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेत नोंदलेले असते आणि तपासनीसाच्या हातातल्या यंत्रावर किंवा चार्टवर प्रवाशाचे नाव, वय आणि बर्थ असतो. प्रवाशाने दाखवायचे ते तिकिटाची छापील पावती, मोबाइलवरचे तिकीट किंवा आयआरसीटीसीचा एसएमएस यांपैकी काहीही एक आणि सोबत मूळ ओळखपत्र. गटातल्या एकाचे ओळखपत्र पुरते. यांपैकी काहीच दाखवता आले नाही पण ओळखपत्र आहे आणि नाव चार्टवर आहे, तर नियमाप्रमाणे तिकिटामागे 50 रुपये दंड घेऊन पावती फाडली जाते आणि प्रवास चालू राहतो. उलट ओळखपत्रच नसेल, तर कितीही स्वच्छ स्क्रीनशॉट असला तरी तो प्रवासी विनातिकीट धरला जातो. लोक जपतात स्क्रीनशॉट आणि विसरतात आधार कार्ड!

तेव्हा खरी हरवलेली वस्तू आहे ती दहा आकडी पीएनआर. स्क्रीनशॉटचा तसाही फार उपयोग नसतो, कारण तो तिकीट काढले त्या क्षणाचा असतो. बाईंनी पाहिलेले वेटिंग महिनाभरापूर्वीचे. मधल्या काळात पुढच्या लोकांनी तिकिटे रद्द केली की रांग सरकते, आणि चित्रातला आकडा मात्र तिथेच राहतो. या जुन्या आकड्याला घाबरून चांगले पुढे सरकलेले तिकीट रद्द करणारे लोक दर सुट्टीच्या हंगामात भेटतात.

पीएनआर शोधायचा कुठे? पहिली जागा एसएमएसची. पण तो जातो तिकीट काढताना भरलेल्या मोबाइल नंबरवर. भाच्याने सवयीने स्वतःचा नंबर टाकला असेल, तर चार्ट लागल्यावरचा निरोपही त्याच्याच फोनवर वाजणार आणि वाशिंदला शांतता. दुसरी जागा ईमेल. आयआरसीटीसीच्या पत्राचा विषय `Booking Confirmation on IRCTC` या शब्दांनी सुरू होतो आणि पुढे गाडीचा नंबर, तारीख, वर्ग आणि स्थानकांची अक्षरे असतात. कल्याण म्हणजे `KYN`, शेगाव म्हणजे `SEG`. मेलच्या शोधखिडकीत एवढे टाकले की पत्र वर येते. तिसरी जागा ज्याच्या खात्यातून तिकीट निघाले त्याचे `Booked Ticket History`. एजंटाकडून काढले असेल तर त्याच्या खात्यात हीच नोंद असते आणि तो पुन्हा छापून देऊ शकतो.

या शोधात एक चकवा नेहमी लागतो. पावतीवर ठळक दिसणारा दुसरा लांबलचक आकडा म्हणजे ट्रान्झॅक्शन आयडी. लोक तोच पीएनआर समजून टाकतात आणि मग काही सापडत नाही. पीएनआर दहा आकडीच असतो. एखादा आकडा चुकला किंवा जुन्या प्रवासाचा पीएनआर टाकला, तर पडद्यावर `FLUSHED PNR / PNR NOT YET GENERATED` असे उमटते. हे वाचून तिकीट रद्द झाले असे समजू नये, आधी आकडे पुन्हा ताडावेत.

नाव सांगून पीएनआर मिळवायची सोय मात्र प्रवाशाला नाही. पूर्वी डब्याच्या दाराशी कागदी तक्ता चिकटवलेला असे आणि त्यात बोटाने खाली जात नाव शोधता येई. मोठ्या स्थानकांवर हे तक्ते चिकटवणे रेल्वेने 2018 पासून थांबवले. आज संकेतस्थळावर चार्ट दिसतो तो रिकाम्या बर्थचा, त्यात नावे नसतात. म्हणजे भाच्याला फोन लावत राहणे अटळ आहे.

बाईंचे नशीब बरे, भाच्याने संध्याकाळी फोन उचलला. पीएनआर हातात आल्यावर काम सोपे असते: साध्या फोनवरूनही `PNR`, एक जागा सोडून दहा आकडे, आणि हा एसएमएस 139 ला. नाहीतर 139 ला फोन, किंवा संकेतस्थळ. उत्तरात प्रत्येक प्रवाशाचे दोन रकाने असतात. पहिला `Booking Status`, म्हणजे काढताना काय होते. तो कधीच बदलत नाही. दुसरा `Current Status`, म्हणजे आज काय आहे. डोळे लावायचे ते दुसऱ्यावर. बाईंच्या पहिल्या दोन प्रवाशांपुढे `CNF` होते आणि पुढचे दोघे अजून वेटिंगलाच होते.

इथे बाईंचा जीव पुन्हा वर-खाली झाला, कारण `CNF` पुढे डबाही नव्हता आणि बर्थ नंबरही नव्हता. वेटिंगवरून वर आलेल्या तिकिटाचे हे नेहमीचे चित्र आहे. काढतानाच कन्फर्म मिळालेल्या तिकिटाला बर्थ तेव्हाच दिला जातो, पण रांगेतून वर आलेल्याला जागा मिळणार एवढे पक्के होते आणि नेमका बर्थ चार्ट लागताना ठरतो. तोपर्यंत पडद्यावर खाली `Chart Not Prepared` लिहिलेले असते. ते बदलून `Chart Prepared` झाले की आकडे दिसतात. त्याआधी नंबर नाही म्हणून कल्याणच्या खिडकीवर जाऊन काही हाती लागत नाही.

चार्ट केव्हा लागतो, हेही अलीकडे बदलले आहे. पूर्वी गाडी सुटायच्या चार तास आधी लागे. 2025 मध्ये रेल्वेने ही वेळ मागे नेली. सकाळी पाच ते दुपारी दोनपर्यंतच्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्री आठपर्यंत आणि इतर गाड्यांचा किमान दहा तास आधी, असे आता ठरले आहे. वेळ मोजायची ती गाडी जिथून निघते तिथली, कल्याणची नव्हे. बाईंची गाडी विदर्भ एक्सप्रेस, संध्याकाळी सातनंतर सीएसएमटीहून सुटणारी आणि आठच्या सुमारास कल्याणला येणारी. तिचा चार्ट सकाळी नऊच्या सुमारास लागायला हवा. म्हणजे वाशिंदची लोकल पकडायच्या कितीतरी आधी सगळे उघड होते. वाशिंद-मुरबाडकडच्या माणसाला या बदलाचा फायदा मुंबईकरापेक्षा जास्त आहे, हे कुणी बोलत नाही.

सकाळी चार्ट लागला. दोघांना बर्थ मिळाले, दोघे वेटिंगलाच राहिले. अशा अर्ध्या कन्फर्म तिकिटावरच सर्वांत जास्त घोटाळा होतो. ऑनलाइन तिकिटावरचे सगळेच वेटिंगला राहिले असते, तर तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे खात्यावर परत आले असते आणि त्यावर गाडीत चढायचा हक्कही गेला असता. पण एकाला जरी बर्थ किंवा आरएसी मिळाली, तर बाकीच्यांची नावेही चार्टवर राहतात आणि काहीही आपोआप रद्द होत नाही. पैसे परत येतील म्हणून वाट पाहत बसलेल्यांची फसगत होते ती इथेच. चौघांनाही जायचे नसेल, तर गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत सगळ्यांचे तिकीट ऑनलाइन रद्द करावे किंवा टीडीआर भरावा; कन्फर्म असलेल्यांचेही पैसे फक्त ठरावीक आकार कापून मिळतात. दोघेच जाणार असतील, तर न आलेल्यांबद्दलचे प्रमाणपत्र गाडीतल्या तपासनीसाकडून घ्यावे आणि उतरल्यापासून 72 तासांत टीडीआर भरावा. हे प्रमाणपत्र मागायचे बहुतेकांना सुचत नाही आणि नंतर ते मिळत नाही.

बाईंच्या घरचे दोघेच गेले. उरलेल्या दोघांना बर्थ नव्हता, आणि रात्रीच्या प्रवासात रिकामा झालेला बर्थ आधी आरएसीवाल्याला मिळतो, मग वेटिंगवाल्याला. त्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला दारात उभे करणे शहाणपणाचे नव्हते.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू, आणि ती जास्त कडक आहे. वर स्क्रीनशॉटबद्दल सांगितले ते ऑनलाइन तिकिटाचे. कल्याणच्या खिडकीवरून काढलेल्या कागदी तिकिटाला ते लागू नाही. त्या तिकिटाचा मोबाइलमधला फोटो तपासनीस मानत नाही, कागदच हवा. पीएनआर पाठ असला आणि पडद्यावर कन्फर्म दिसत असले, तरी कागद नाही तर तिकीट नाही. मुरबाडहून एसटीने येऊन काढलेले तिकीट घरी राहिले, तर दुसऱ्या कोणी फोटो पाठवून भागत नाही.

कागद हरवलाच, तर आरक्षण कार्यालयातून दुसरी प्रत मिळते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावे आणि चार्ट लागायच्या आधी जावे, हे मुख्य. स्लीपर आणि सेकंड सिटिंगला माणशी 50 रुपये, वरच्या वर्गांना 100 रुपये. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकिटाला निम्मे भाडे भरावे लागते आणि आरएसीला प्रत मिळतच नाही. तिकीट फाटले असेल आणि चार्ट लागून गेला असेल, तर भाड्याचा चौथा हिस्सा. वेटिंगच्या हरवलेल्या कागदाची मात्र प्रत मिळत नाही. आणि दुसरी प्रत घेतल्यावर मूळ तिकीट एखाद्या पुस्तकात सापडले, तर गाडी सुटायच्या आधी दोन्ही कागद खिडकीवर द्यावेत. भरलेल्या रकमेतले 5 टक्के, निदान 20 रुपये, कापून बाकीचे परत मिळतात.