सुनावणीचा हक्क कायद्यातच लिहायला हवा

१९८१च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम सुरू झाली. महापालिका कायद्याचे कलम ३१४ आयुक्तांना अशी अतिक्रमणे नोटिशीशिवाय काढू देते. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५मध्ये घटनापीठाने सांगितले की नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस देऊच नये असा हुकूम नव्हे. ज्याचा निवारा जाणार, त्याचे म्हणणे एरवी आधी ऐकलेच पाहिजे. या झोपडीवासीयांचे म्हणणे मात्र आपणच ऐकले आहे, असे म्हणत ३१ ऑक्टोबरनंतरच्या कारवाईला न्यायालयाने वाट मोकळी करून दिली.

तत्त्व मिळाले. पण नोटीस किती दिवसांची, ती पोहोचल्याचा पुरावा काय, हे ठरले नाही. निकाल समोरच्या वादापुरता बोलतो, आणि वॉर्ड ऑफिसातला अधिकारी हातातले कलम पाहून काम करतो.

ही पोकळी भरायला २०२४ उजाडले. बुलडोझर कारवायांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपशील लिहून दिला: किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि घरावर चिकटवून, जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेल, म्हणजे मागची तारीख घालता येऊ नये, प्रत्यक्ष सुनावणी, सकारण आदेश आणि त्यानंतर आणखी १५ दिवस. ही खरे तर संहिताच आहे, फक्त ती विधिमंडळाऐवजी न्यायालयाने आणि एकाच प्रकारच्या कारवाईसाठी लिहिली. रस्ते, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदी-जलाशयांवरची अनधिकृत बांधकामे तिच्यातून वगळली आहेत. ज्या फुटपाथवासीयांमुळे १९८५चे तत्त्व घडले, त्यांनाच ही १५ दिवसांची हमी नाही!

जर्मनीने १९७६मध्ये प्रशासकीय कार्यपद्धतीचा सर्वसाधारण कायदा केला. हक्कावर गदा आणणाऱ्या आदेशाआधी संबंधिताला बोलू द्यायचे आणि लेखी आदेशाला कारणे द्यायची, हे तिथे बहुतेक खात्यांना लागू आहे. तातडीचा धोका असेल तर सुनावणी टाळता येते, पण हा अपवाद कायद्यातच लिहिलेला आहे. त्या कायद्यात उणीवही आहे. राहून गेलेली सुनावणी नंतर, अगदी कोर्टात खटला चालू असतानाही, उरकून चूक दुरुस्त करता येते. परवान्याच्या वादात हे चालून जाईल. पाडलेल्या घराबाबत अशा सुनावणीला काय अर्थ?

प्रकरणागणिक घडणारा न्याय लवचीक असतो हे खरे. कलम ३१४चा तो अर्थ न्यायाधीशांनीच लावला. पण त्या लवचिकतेचा लाभ कोर्टापर्यंत पोहोचणाऱ्यालाच मिळतो, आणि बहुतेक लोक पोहोचत नाहीत. म्हणून नोटीस, सुनावणी आणि कारणे यांची किमान हमी संसदेने व राज्यांनी कायद्यात लिहावी, अपवाद मोजके ठेवावेत आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांकडे राहू द्यावे. फुटपाथवर राहणाऱ्याला त्या हमीतून सरसकट वगळू नये.