कोपरा म्हणायचं कशाला?

शिरोळला व्याख्यान आणि उदाहरणात ऊस नाही, हे कसं चालेल! समजा पाच एकर रान आहे. x एकर ऊस, y एकर सोयाबीन. उसाला एकरी तीन पाळ्या पाणी, सोयाबीनला एक, आणि पाळ्या नऊच मिळणार. (आकडे कागदापुरते.) नफा हजारांत 50x + 20y.

म्हणजे x + y ≤ 5 आणि 3x + y ≤ 9. X, y ऋण नाहीत. छायांकित कुठली बाजू करायची? (0, 0) घालून बघू. दोन्ही अटी खऱ्या ठरतात, तेव्हा दोन्ही रेषांची आरंभबिंदूकडची बाजू. दोन्ही छाया एकमेकींवर पडतात तेवढंच आपलं क्षेत्र.

इथे बारावीची मुलं हमखास (5, 0) घेतात, कारण रेषा तिथे अक्षाला टेकते. नफा 250, मुलं खूश! पण पाणी लागेल पंधरा पाळ्या. तो बिंदू छायेबाहेरचाच. दोन रेषा छेदतात तिथे वजाबाकीने 2x = 4, म्हणजे (2, 3). खरे कोपरे (0, 0), (3, 0), (2, 3), (0, 5). नफा 0, 150, 160, 100. तेव्हा ऊस दोनच एकर.

उसाचा नफा 60 झाला तर? (3, 0) आणि (2, 3) दोन्हीकडे 180 येतात, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषाखंडावर कुठेही उभे राहा, तेवढेच.