वर्षाची फी एकरकमी भरण्यातले व्याज

शाळेची वर्षाची फी एप्रिलमध्येच भरली तर पाच टक्के सवलत मिळते, एरवी ती चार तिमाही हप्त्यांत भरावी लागते. अनेक खासगी शाळांच्या फीच्या पत्रकात असे दोन पर्याय असतात. सवलत घेणारा पालक शाळेला आपले पैसे आगाऊ वापरायला देतो आणि शाळा त्याबद्दल मोबदला देते, म्हणजे हा व्यवहार कर्जाचा आहे. मात्र पत्रकात या कर्जाचा व्याजदर कुठेही छापलेला नसतो. पाच टक्के ही सवलत आहे, व्याजदर नव्हे. या दोन आकड्यांतला फरक बराच मोठा निघतो.

उदाहरणासाठी वर्षाची फी १,२०,००० रुपये धरू. तिमाही पर्यायात एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकी ३०,००० रुपये भरायचे. एकरकमी पर्यायात एप्रिलमध्येच १,१४,००० रुपये भरायचे आणि ६,००० रुपये वाचवायचे. बँकेत वर्षाच्या मुदतठेवीवर सात टक्के मिळत असतील, तर पाच टक्क्यांसाठी एवढी मोठी रक्कम कशाला अडकवायची, असा हिशेब घरोघरी होतो. त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक रकमेची. एप्रिलचा ३०,००० रुपयांचा हप्ता दोन्ही पर्यायांत भरावाच लागतो. तो ठेवीत ठेवता येत नाही, त्यामुळे तुलनेतूनही तो वजा करायला हवा. एकरकमी भरणारा पालक एप्रिलमध्ये प्रत्यक्षात फक्त ८४,००० रुपये जास्त देतो. दुसरी चूक काळाची. हे ८४,००० रुपयेसुद्धा वर्षभर अडकत नाहीत. जुलैत भरावा लागला असता तो हप्ता टळतो, म्हणजे ३०,००० रुपये तीन महिन्यांत परत आल्यासारखे होतात. आणखी ३०,००० सहा महिन्यांनी येतात आणि उरलेले ३०,००० नऊ महिन्यांनी. थोडक्यात, ८४,००० रुपये देऊन तीन हप्त्यांत ९०,००० रुपये मिळतात आणि नवव्या महिन्यात सगळा हिशेब मिटतो.

यातला व्याजदर काढायचा तर असा दर शोधावा लागतो की त्या दराने ८४,००० रुपये ठेवले आणि दर तिमाहीला ३०,००० काढले, तर तिसऱ्यांदा काढल्यावर खाते बरोबर शून्यावर येईल. तो दर तिमाहीला ३.५३ टक्के आहे. पडताळा असा: एप्रिल ते जून या काळात ८४,००० वर सुमारे २,९६६ रुपये व्याज जमते, जुलैत ३०,००० काढल्यावर ५६,९६६ उरतात. त्यावर ऑक्टोबरपर्यंत २,०११ जमतात, पुन्हा ३०,००० काढल्यावर २८,९७७ उरतात. त्यावर जानेवारीपर्यंत १,०२३ जमून बरोबर ३०,००० होतात, आणि तेवढेच काढायचे असतात. तिन्ही व्याजांची बेरीज ६,००० येते. तिमाहीचा हा दर चारने गुणला तर वर्षाला १४.१ टक्के होतात, आणि व्याजावरचे व्याज धरले तर १४.९ टक्के. म्हणजे पत्रकातल्या पाच टक्क्यांमागे जवळपास पंधरा टक्के दराची ठेव आहे. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये हा तिमाही दर एका ओळीत मिळतो:

```
=RATE(3,-30000,84000)
```

स्प्रेडशीट हाताशी नसली तरी एक सोपी रीत आहे. टळलेले हप्ते तीन, सहा आणि नऊ महिन्यांनी येतात, त्यांची सरासरी मुदत सहा महिने. सवलतीच्या रकमेला आज जास्त द्याव्या लागणाऱ्या रकमेने भागले की सहा महिन्यांचा परतावा मिळतो, आणि त्याची दुप्पट केली की वर्षाचा अंदाज. इथे ६,००० भागिले ८४,००० म्हणजे ७.१४ टक्के, दुप्पट केल्यावर १४.३ टक्के. काटेकोर उत्तराच्या इतके जवळ जाणारी ही रीत पालकसभेत बसल्या बसल्या वापरता येते. याच फीवर तीन टक्के सवलत असेल तर दर ८.३ टक्के निघतो आणि दोन टक्के असेल तर साडेपाचच्या आसपास. म्हणजे दोन टक्क्यांची सवलत मुदतठेवीपुढे फिकी पडते, तीन टक्क्यांची तिच्या थोडी पुढे जाते आणि पाच टक्क्यांची तिला दुपटीने मागे टाकते.

वर्षाचे समान भाग करून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हप्ता घेतला जात असेल, तर हप्ते कितीही असोत, टळलेल्या हप्त्यांची सरासरी मुदत सहा महिनेच येते. त्यामुळे दुप्पट करण्याची रीत सगळीकडे लागू पडते. बदलते ती आज जास्त द्यावी लागणारी रक्कम. शाळा दरमहा १०,००० रुपये घेत असेल तर पहिला हप्ता लहान असतो आणि १,०४,००० रुपये जास्त द्यावे लागतात. मग तीच पाच टक्के सवलत ११.५ टक्के दराची ठरते. हप्ते सहामाही असतील तर फक्त ५४,००० रुपये जास्त जातात आणि दर २२ टक्क्यांवर पोहोचतो. सवलतीचा एकच टक्का दोन शाळांमध्ये वेगवेगळ्या किमतीचा असतो, याचे कारण हप्त्यांच्या या रचनेत आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तारखेवरून. वरच्या हिशेबात एकरकमी भरणा आणि पहिला हप्ता एकाच दिवशी आहेत. पण सवलतीची शेवटची तारीख पहिल्या हप्त्याच्या आधी असेल तर पहिला हप्ताही आगाऊ भरला जातो. जूनमध्ये सुरू होणाऱ्या शाळेने सवलतीसाठी १ मार्चची मुदत ठेवली आणि तिमाही हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे असले, तर १,१४,००० रुपये पूर्णच्या पूर्ण आधी जातात आणि ते तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांनी परत येतात. सरासरी मुदत साडेसात महिन्यांची होते आणि दर १४.३ वरून ८.४ टक्क्यांवर घसरतो. सवलतीचा आकडा तोच, वाचणारे रुपये तेच, तरी तीन महिने आधी पैसे दिल्याने दर सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो. म्हणून टक्क्याच्या आधी तारखा पाहाव्यात. हप्त्यांच्या तारखा असमान असतील तर स्प्रेडशीटमधले `XIRR` हे सूत्र तारखांसह नेमका दर देते.

सवलत कशावर आहे, हेही पाहावे लागते. ती बहुधा शिकवणी शुल्कावर असते, बसच्या भाड्यावर किंवा इतर शुल्कांवर नसते. १,२०,००० पैकी २४,००० बसचे असतील तर पाच टक्के फक्त ९६,००० वर मिळतील, म्हणजे ४,८०० रुपये. बसचे पैसे तिमाहीनेच भरायची मुभा असेल तर त्याने दर बिघडत नाही. पण सवलतीसाठी बसचे भाडेही वर्षभराचे एकदम मागितले तर ८५,२०० रुपये जास्त द्यावे लागतात आणि दर ११.३ टक्क्यांवर येतो. भरणा कार्डाने केला आणि त्यावर एक टक्का सुविधा शुल्क व त्यावरील जीएसटी लागला, तर १,१४,००० वर सुमारे १,३४५ रुपये जातात. तिमाही हप्ते विनाशुल्क मार्गाने भरले जाणार असतील, तर या एका खर्चाने दर ११ टक्क्यांच्या खाली येतो. शिक्षणसंस्थांना यूपीआयने एका वेळी पाच लाखांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. त्यामुळे हा खर्च आता बऱ्याचदा टाळता येतो.

निघालेला दर चांगला की वाईट, हे पैसे कुठून येतात त्यावर ठरते. ते बँकेत पडून असतील तर तुलना ठेवीशी करायची. तेच ८४,००० रुपये सात टक्क्यांनी ठेवून त्यातून तीन हप्ते भरले तर एकूण व्याज सुमारे २,९०० रुपये मिळते, म्हणजे सवलतीपेक्षा ३,१०० रुपये कमी. प्रत्यक्षात तीन आणि सहा महिन्यांच्या ठेवींचा दर वर्षाच्या ठेवीपेक्षा बहुधा कमीच असतो. शिवाय ठेवीचे व्याज करपात्र आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या पगारदाराला उपकरासह ३१.२ टक्के कर द्यावा लागतो आणि सात टक्क्यांचे हाती ४.८ टक्केच उरतात. फीमधली सवलत हे उत्पन्न नव्हे, तो कमी झालेला खर्च आहे, त्यामुळे तिच्यावर कर नाही.

पैसे कर्जाऊ आणायचे असतील तर मात्र तुलना त्या कर्जाच्या दराशी. पगारदार पतसंस्थेतून वर्षाला १२ टक्क्यांनी ८४,००० रुपये काढून ते हप्त्यांच्याच तारखांना फेडले, तर व्याज सुमारे ५,०६० रुपये होते आणि ९४० रुपये वाचतात. त्यात कर्ज मंजुरीचा एक टक्का खर्च आला की शंभरच रुपये उरतात. एवढ्यासाठी कर्जाची कटकट घेण्यात अर्थ नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी तर दरमहा तीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लावते, तिथे हा विचारच नको. ‘बिनव्याजी’ मासिक हप्त्यांत फी भरून देणाऱ्या वित्तकंपन्यांचे प्रस्तावही याच नजरेने तपासावेत. रोख भरणाऱ्याला जी सवलत मिळाली असती ती सोडावी लागत असेल, तर ती रक्कम हेच त्या कर्जाचे व्याज. शून्य टक्के व्याज असे काही नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

हे सगळे दर मूल वर्षभर त्याच शाळेत राहील, असे गृहीत धरून काढले आहेत. सप्टेंबरअखेर बदली झाली आणि शाळा काहीच परत करत नसेल, तर तिमाही पालकाचे ६०,००० गेलेले असतात आणि एकरकमी पालकाचे १,१४,०००. नुकसान ५४,००० रुपयांचे, तर ठेवीच्या तुलनेतला लाभ ३,१०० रुपयांचा. मध्येच शाळा सोडावी लागण्याची शक्यता सतरात एकाहून जास्त असेल तर हा लाभ कागदावरच राहतो. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबाला ही शक्यता अवास्तव वाटणार नाही. शाळा उरलेल्या तिमाहींची फी परत करत असेल तर चित्र पालटते. तिने सवलत काढून घेऊन दोन तिमाहींचे पूर्ण ६०,००० कापले आणि ५४,००० परत केले, तर पालकाचे फक्त मधल्या काळातले व्याज जाते. हा नियम प्रवेशपत्रिकेत किंवा फीच्या पत्रकात लिहिलेला आहे का, हे पैसे भरण्याआधीच पाहावे लागते, कारण नंतरच्या तोंडी आश्वासनाचा पुरावा नसतो.

फी मध्येच कमी होणे हीदेखील घडलेली गोष्ट आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने २०२१-२२ या वर्षाच्या शालेय शुल्कात १५ टक्के कपातीचा आदेश काढला. पूर्ण फी आधीच भरलेल्यांची जादा रक्कम पुढच्या हप्त्यात किंवा पुढच्या वर्षी वळती करावी, अन्यथा परत द्यावी, असे त्यात म्हटले होते. तिमाही भरणाऱ्याला अशा वेळी पुढचा हप्ता कमी भरता येतो. आधीच भरून बसलेल्याला वळतीची किंवा परताव्याची वाट पाहावी लागते.

जुन्या करपद्धतीत राहिलेल्यांसाठी आणखी एक बाब उरते. ८०सी या नावाने परिचित असलेली वजावट शिकवणी शुल्क ज्या आर्थिक वर्षात भरले त्या वर्षात मिळते, जास्तीत जास्त दोन मुलांसाठी आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा वगैरे धरून दीड लाखांपर्यंत. एप्रिल ते जानेवारीचे चार हप्ते आणि एप्रिलचा एकरकमी भरणा एकाच आर्थिक वर्षात येतात, त्यामुळे फरक पडत नाही. पण मार्चमध्ये पुढच्या वर्षाची फी भरली तर एकाच आर्थिक वर्षात दोन वर्षांचे शुल्क जमा होते. दीड लाखाची मर्यादा आधीच भरलेली असेल तर त्या वर्षी या भरण्याची वजावट मिळत नाही, आणि पुढच्या आर्थिक वर्षात दाखवायला शुल्क शिल्लक नसते. तिथली मर्यादा दुसऱ्या गुंतवणुकीने भरत नसेल तर दीड लाखातला तेवढा भाग रिकामा जातो आणि त्यावरचा कर सवलतीतून वजा धरावा लागतो.