हरवलेल्या टेपांचे रचलेले वास्तव

चित्रीकरण करणारी माणसे बेपत्ता झाली आणि मागे फक्त त्यांच्या टेप सापडल्या, असा बहाणा करणाऱ्या चित्रपटशैलीस ‘फाउंड फुटेज’ म्हणतात, तर मुलाखती, निवेदन आणि जुनी छायाचित्रे यांच्या आधारे काल्पनिक घटनेचा माहितीपट उभा करणे म्हणजे ‘मॉक्युमेंटरी’. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) तिन्ही प्रमुख कलाकारांनी स्वतःच्याच नावाने भूमिका केल्या आणि मेरीलँडच्या जंगलात कॅमेरेही स्वतःच हाताळले. त्यांना लिखित संवाद नव्हते. प्रत्येकास स्वतंत्र चिठ्ठीतून त्याच्यापुरती सूचना मिळे, त्यामुळे दुसरा काय करणार हे त्याला ठाऊक नसे. दिवसागणिक अन्न कमी केले जाई आणि रात्री तंबूबाहेर दिग्दर्शकच आवाज काढत, म्हणून पडद्यावरील थकवा आणि चिडचिड बव्हंशी खरीच आहे.

या शैलीची कसोटी एकाच प्रश्नावर लागते: जीव धोक्यात असताना पात्र कॅमेरा का सोडत नाही? ‘ब्लेअर विच’मध्ये तिघांपैकी एक असलेली हेदर भिंगाआडून पाहते तेव्हा भय तिला किंचित दूरचे वाटते, हे उत्तर पटते. अनेक अनुकरणांकडे ते नसते. मॉक्युमेंटरीत जोएल अँडरसन यांचा ऑस्ट्रेलियन ‘लेक मंगो’ (२००८) अधिक सरस ठरतो, कारण तो आपल्याच पुराव्यांतील बनावट उघड करूनही प्रेक्षकाचा विश्वास गमावत नाही.