रिकामं ताट आणि जपानी पाहुणे

चाकणच्या कारखान्यात तीन आठवड्यांसाठी आलेल्या एका जपानी सहकाऱ्यांना आम्ही पुण्याच्या घरी जेवायला बोलावलं होतं. आईने वाढलेली दुसरी पोळी संपली, म्हणून तिसरी आली. तीही संपली, म्हणून चौथी. पाहुणे हसतमुखाने जेवत राहिले आणि आई समाधानाने वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी ते दुपारी जेवलेच नाहीत, तेव्हा मला उलगडा झाला.

आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की यजमानाने वाढायचं असतं. जपानमध्ये पुढ्यात आलेलं शेवटच्या शितापर्यंत संपवायचं असतं, कारण अन्न टाकणं म्हणजे ‘मोत्ताइनाई’, चांगल्या गोष्टीची नासाडी. दोन्ही रीती मायेच्याच आहेत, पण एका पंगतीत त्या समोरासमोर आल्या की पाहुण्याची सुटका नसते. त्यातून थेट ‘नको’ म्हणणं जपानी माणसाला जड जातं. तो ‘दाइजोबु’ म्हणतो. शब्दाचा अर्थ ‘ठीक आहे’ असा, पण वाढताना तो आला तर ‘पुरे’ असाच समजायचा. हात ताटावर आडवा येण्याची वाट पाहू नये.

दुसऱ्या वेळी आम्ही सुरुवातीलाच सांगितलं, ‘आमच्याकडे थोडं थोडं वाढतात. आवडेल ते पुन्हा मागा, आवडलं नाही तर ठेवून द्या.’ अर्धी पोळी, लहान मूद, वाटीत दोन चमचे भाजी. पुन्हा एकदाच विचारायचं, हे आईने मनावर दगड ठेवून पाळलं.

आमंत्रण देतानाच ‘शाकाहारी’ म्हणजे काय, तेही नीट सांगावं. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा ‘कात्सुओबुशी’, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचा करतात. त्यामुळे नुसत्या भाज्या दिसणाऱ्या पदार्थातही मासा असू शकतो. पाहुणे हात हलवत येत नाहीत, काहीतरी खाऊ आणतातच. म्हणून ‘घरी मांस, मासे, अंडी आणि जिलेटिन चालत नाही’ एवढं आधीच कळवलं, तर त्यांनी प्रेमाने आणलेला डबा बाजूला ठेवण्याची वेळ येत नाही. आमच्या पाहुण्यांनी हिरवा चहा आणला.

बूट काढायला त्यांना सांगावं लागत नाही. जपानी घरात दाराशी ‘गेन्कान’ असतं, घराच्या जमिनीपेक्षा थोडी खालची जागा. तिथे बूट काढायचे आणि मोज्यांचा पाय खाली न टेकवता वर चढायचं. आपल्या फ्लॅटमध्ये चपला दाराबाहेर असतात, पण बाहेरची आणि आतली फरशी एकाच पातळीवर. नेमकं कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही आणि मोज्यांनी जिन्याची धूळ तुडवावी लागली तर मन अवघडतं. दाराच्या आत एक स्वच्छ पायपुसणं आणि टेकायला स्टूल ठेवलं की प्रश्न सुटतो. त्यांनी बूट वळवून टोकं दाराकडे करून ठेवले, तर ती तिथली शिस्त आहे. खरी अडचण येते ती आपल्या ओल्या बाथरूममध्ये. तिकडे शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात. आपणही एक कोरडी, धुतलेली जोडी तिथे ठेवावी, म्हणजे मोजे भिजत नाहीत.

बेत ठरवताना आम्ही त्यांच्या जिभेला ओळखीच्या वाटा शोधल्या. इंद्रायणीचा मऊ, किंचित चिकट भात त्यांच्या भाताच्या जवळचा असतो. वरण मात्र वाटीत वेगळं दिलं, कारण पांढरा भात न कालवता खाण्याची त्यांना सवय असते. वांगं भाजून सोलून तेही खातात, म्हणून भरीत केलं, पण मिरची कमी आणि ठेचा बाजूला. कच्ची कोशिंबीर टाळली, कारण परक्या पाण्याने पोट बिघडलं असतं आणि समोर आली तर त्यांनी ती संपवलीच असती. पाणी सीलबंद बाटलीतलं. चमचा ताटाशेजारी ठेवला, हाताने खायचं की नाही ते त्यांच्यावर सोडलं. सातला बोलावलं होतं. ते सातलाच आले आणि साडेसातला पानं घेतली.

पुरणपोळी शेवटी, पाव तुकडा. घास घेताच ते थांबले आणि म्हणाले, ‘हे तर आन्को!’ जपानमध्ये अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं शिजवून, साखर घालून केलेलं सारण मिठाईत भरतात. डाळ गोड असू शकते, हे त्यांना समजवावं लागलं नाही.

मग त्यांनी हात जोडून ‘गोचिसोसामा’ म्हटलं. जेवण झाल्यावर रांधणाऱ्याचे आभार मानण्याचा तो शब्द. ताट रिकामं होतं. आईने पोळीचा डबा हातात घेतला, त्यांच्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं. तेव्हा त्यांनीच ताट थोडं पुढे सरकवून आणखी पाव पोळी मागितली.