सोडा म्हटले की सवय का सुटत नाही?

तंबाखू मळणाऱ्याला तिचे दुष्परिणाम सांगावे लागत नाहीत; ते पुडीवरच छापलेले असतात. तरीही घरचे आणि डॉक्टर ते पुन्हा सांगतात आणि तो लगेच तंबाखूची बाजू मांडू लागतो. त्याच्या मनात दोन्ही बाजू असतातच. एक आपण उचलली की त्याच्याकडे दुसरी उरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी व्यसनमुक्तीच्या कामात हे हेरले आणि १९८३मध्ये समुपदेशनाची एक वेगळी पद्धत मांडली. तिला ‘प्रेरणादायी मुलाखत’ म्हणतात. तिच्यात सवय का सोडायची, हे समुपदेशक सांगत नाही. ते समोरच्याच्या तोंडून येऊ देतो.

समजा, आंबिवलीहून रोज पहाटे मुंबईची लोकल पकडणारे एक गृहस्थ समुपदेशकासमोर बसले आहेत.

‘तंबाखूशिवाय तो प्रवास होतच नाही. उभ्याने जायचे, डोके जड होते.’

‘प्रवास निभतो तो तंबाखूच्या आधारावर.’

‘हो ना. पण जवळ घेतले की धाकटी लेक नाक धरते.’

‘प्रवासात तंबाखूचा आधार वाटतो आणि तीच लेकीला लांब ठेवते, हे मनाला लागले आहे.’

‘लागणारच. तशी गेल्या श्रावणात महिनाभर सोडली होती मी.’

‘महिनाभर जमले होते.’

‘जमले होते. मग गाडीतल्या मित्राने मळून हातावर ठेवली आणि पुन्हा सुरू झाली. त्यालाच आधी सांगायला हवे.’

समुपदेशकाने इथे एकही प्रश्न विचारलेला नाही. ऐकलेल्याचा अर्थ तो साध्या विधानात परत देतो. शेवटी आवाज चढला, तर त्याचाच प्रश्न होतो आणि समोरचा सफाई देऊ लागतो. दोन्ही बाजू एकत्र मांडताना बदलाची बाजू शेवटी आली आणि जोडायला ‘पण’ऐवजी ‘आणि’ वापरले. ‘पण’ म्हटले की आधीचे खोडल्यासारखे वाटते.

यानंतर विचारता येते, ‘सोडणे किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहामध्ये सांगा.’ उत्तर ‘सहा’ आले, तर ‘दोन का नाही?’ असे विचारायचे. मग माणूस सोडण्याची कारणे सांगतो. ‘नऊ का नाही?’ विचारले, तर न सोडण्याची. पुढची पायरी त्यानेच ठरवायची. इथे ती सापडलीच आहे: उद्या गाडीत मित्राला काय सांगायचे, त्याचे नेमके शब्द.

गाडी रुळावरून घसरली, हे ‘तुमचे बरोबर आहे, पण...’ अशा उत्तरांवरून ओळखता येते. तेव्हा मुद्दा न रेटता पुन्हा ऐकण्याकडे वळायचे. मात्र निकोटिन सोडताना होणारी चिडचिड, बेचैनी आणि तलफ केवळ बोलण्याने जात नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम किंवा औषध लागू शकते. तोंडात पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम दिसली, तर आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी.